चौदावी ओळ

गोदूला जाऊन तिसरा दिवस होता आणि वडप्याचं गोडाऊन नेहमीसारखं चालू होतं. पडलेल्या रॅकभोवती पत्रे उभे केले होते, पत्र्यांवर पिवळी पट्टी गुंडाळली होती आणि पट्टीच्या अलीकडून पॅलेट जात-येत होती. गोडाऊनला सुतक नसतं.

वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धम्मदिना रजेवर होती. ती आज आली, पर्स खुंटीला अडकवली आणि पहिलं काम डॅशबोर्डची फाईल उघडायचं केलं. ही फाईल तिनेच बांधलेली. सी आणि डी बाजूच्या रॅकमधला एकेक खण म्हणजे एकेक ओळ. ओळीत एक आडवी पट्टी, म्हणजे खण किती भरलाय ते. पट्टीपुढे एक मोकळा रकाना, त्यात ती हाताने शेरे लिहायची. आकडे दर तासाला गोडाऊनच्या सिस्टिममधून ताजे यायचे, सगळं नव्याने मांडलं जायचं आणि गल्लीच्या तोंडाशी टांगलेल्या टीव्हीवर दिसायचं.

शेरा एकच होता. लाल. ‘खांब वाकलाय. माल टाकू नका.’

तो सी-चौदा या खणापुढे लिहिलेला होता. धम्मदिनाने स्वतः लिहिलेला. आज तो सी-नऊपुढे होता.

तिने डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. सी-चौदा पार तळाला गेला होता, त्याच्यापुढे काहीच नव्हतं. पांढरं. स्वच्छ. या, टाका माल.

काय झालं असणार ते शोधायलासुद्धा लागलं नाही, तिला कळलंच. ओळी रॅकच्या क्रमाने असायच्या, सी-एक, सी-दोन, सी-तीन. क्रम कधी बदलायचा नाही, म्हणून शेरा जागच्या जागी राहायचा. कुणीतरी आत जाऊन क्रम बदलला होता. सगळ्यात भरलेला खण वर, सगळ्यात रिकामा खाली. दर तासाला माल हलला की ओळी वरखाली होणार. पण हाताने लिहिलेल्या शेऱ्याला खणाचं नाव कुठे माहीत असतं? त्याला फक्त जागा माहीत. चौदाव्या ओळीत लिहिलेला शेरा चौदाव्या ओळीतच बसून राहतो, मग तिथे कुणीही येवो.

"प्रितेश सर, या फाईलमध्ये कोणी हात घातला?"

प्रितेश गोडाऊनचा मॅनेजर. गोडाऊन ज्या जमिनीवर उभं होतं ती त्याच्या आजोबांची भातशेती, म्हणून खुर्ची त्याची. माणूस वाईट होता असंही नाही. त्याला कधी कुणी नाही म्हटलं नव्हतं, एवढंच.

"मीच केलं. क्लायंट येणार होते. वर सगळे फुल खण दिसले की इम्प्रेशन पडतं ना? यूट्यूबवर बघून केलं, पाच मिनिटांत. तू नव्हतीस तर काय कामं थांबणार?"

"कधी केलं?"

"रॅक पडला त्याच्या आदल्या संध्याकाळी."

आदल्या संध्याकाळी. आणि सकाळच्या शिफ्टला महादू रीच ट्रकवर, म्हणजे उंच रॅकवर माल चढवणाऱ्या गाडीवर होता. त्याच्या हातातल्या स्कॅनरने त्याला सी-चौदा दाखवला, कारण सिस्टिमच्या लेखी तो खण रिकामा आणि धडधाकट होता. महादूने पॅलेट उचललं, वरच्या मजल्यावर ठेवलं. वाकलेला खांब काडीसारखा दुमडला आणि शेजारच्या दोन खणांसकट सगळं पलीकडच्या गल्लीत कोसळलं. पलीकडे गोदू खोक्यांवर लेबलं चिकटवत बसली होती. साबणाची खोकी. गोदू एकोणीस वर्षांची.

खांबाला ट्रकची धडक बसली तेव्हाच धम्मदिनाने सांगितलं होतं, सिस्टिममध्ये खण ब्लॉक करा, म्हणजे स्कॅनर तो देणारच नाही. प्रितेश हसला होता. "ब्लॉक केला तर क्लायंटला दिसतो, मॅडम. खण कमी, मग रेट कमी. खांब आज ना उद्या बदलूच. तोपर्यंत तुझ्या टीव्हीवर लाल लिही. आपली पोरं हुशार हायत, बघतात." आणि पोरं बघत होती. स्कॅनर काहीही सांगो, आधी टीव्हीकडे नजर, लाल असेल तर दुसरा खण, लाल निघालं म्हणजे खांब बदलला. गोडाऊनची ही रीतच पडली होती. वाकलेल्या लोखंडाला टीव्हीवरच्या चार शब्दांचा टेकू.

धम्मदिना तशीच बसली आणि आधी तिने दुरुस्ती केली. ती तसलीच होती. मोडलेलं दिसलं की हात गप्प बसायचे नाहीत. शेऱ्यांसाठी तिने वेगळं पान केलं. त्यात खणाचं नाव, कधीपासून, कधीपर्यंत, काय, कोणी लिहिलं. आणि आकडे ताजे आले की प्रत्येक ओळीने त्या पानात जाऊन आपल्या नावाचा, आपल्या तारखेचा शेरा शोधून आणायचा अशी जोडणी केली. आता ओळी कितीही नाचोत, शेरा खणाच्या नावाला बांधलेला. ‘सी-चौदा’ लिहिलं, खांबाला धडक बसली ती तारीख टाकली, खालती आपलं नाव घातलं. रीफ्रेश केलं. लाल शेरा सुळकन तळाला, सी-चौदापुढे जाऊन बसला.

तिने फाईल सेव्ह केली. जुनी फाईल त्याच नावाची होती. नवी तिच्यावरच बसली, जुनी गेली.

शेरा भलत्याच खणापुढे जात होता याचा सी-नऊपुढचं ते लाल हा एकच पुरावा होता, आणि तोही तिने आपल्याच हाताने पुसला, हे तिला दुपारी कळलं.

दुपारी हेड ऑफिसातून सेफ्टीचे विपुल साहेब आले. सज्जन चेहरा, मऊ आवाज. म्हणाले, "त्या सकाळचा डॅशबोर्ड काढून द्या. पोलिसांच्या कागदांना जोडायचाय."

"त्या सकाळचा नाहीये, सर. तो दर तासाला नवा बनतो. जुना राहत नाही."

"पण आकडे आहेत ना सिस्टिमला? तारीख टाका, त्या दिवसाचा बनवा."

आकडे होते. तारीख टाकली की बनतही होता. धम्मदिनाने तारीख टाकली, आणि पडद्यावर ती सकाळ नव्याने उभी राहिली. सी-चौदा. रिकामा. पुढे लालभडक, ‘खांब वाकलाय. माल टाकू नका.’

"हे असं नव्हतं," ती म्हणाली. "सर, हे मी आज जोडलंय. तेव्हा शेरा दुसऱ्याच खणापुढे दिसत होता."

"शेरा कधीचा आहे?"

"धडक बसली तेव्हाचा."

"कुणासाठी?"

"सी-चौदासाठी. पण..."

"मग झालं तर," प्रितेश म्हणाला आणि प्रिंटचं बटण त्यानेच दाबलं. "कॉम्प्युटरने काढलाय, मी नाय काढला. डेटा झूठ बोलता है क्या?"

कागद गरम गरम बाहेर आला. महादूच्या गळ्यात बांधायला.

स्पष्ट लाल सूचना असताना चालकाने बेफिकिरीने माल टाकला. गुन्हा दाखल झाला. जामीन मिळाला, पण जामिनावर सुटून जायचं कुठे? महादू आणि गोदू एकाच पाड्यावरचे, वज्रेश्वरीच्या अलीकडचे. पाड्यात कागदाची बातमी कागदाच्या आधी पोचली. टीव्हीवर लिहिलं होतं तरी महादूने टाकलं. पोरगी मारली.

आठवड्याने शेवंता गेटवर आली. महादूची बायको. सिक्युरिटीवाला आत सोडेना, तर ती गेटच्या बाहेर ट्रकच्या सावलीला उभी राहिली आणि धम्मदिना चहाला बाहेर पडली तशी आडवी आली.

"टीव्हीत लिवनारी तूच काय गं?"

"हो. मीच."

"माझा नवरा बोलतो, शिफ्ट लागली तवा लाल डी-सहावर व्हता. पोरीची शपथ घेऊन बोलतो. सी-चौदावर काय बी नव्हता. तो खोटा हाय काय?"

धम्मदिनाने विचारलं, "कुठे आहेत ते?"

"माझे भयनीकडं. पाड्यात न्हाय येऊ देत. बोरिंगवर मला हांडा लावू देत न्हाय कोनी. गोदूची आय माझे तोंडाकडं बघत न्हाय, आन् आमी दोघी एकाच दिवशी लगीन होऊन आलेल्या." शेवंताने पदराने नाक पुसलं. "तू शिकलेली. तुला ठावं असंल. मला फक्त सांग, तो खोटा हाय का खरा?"

"खरा आहे."

"मंग लिव ना!" शेवंता ओरडली. गेटवरचे ड्रायव्हर वळून बघायला लागले. "लिवताना आलं तुला, आता काय हात मोडले?"

धम्मदिना चहा न पिताच आत गेली.

डी-सहा. महादूने नाव घेतलं तो खण. तिच्या डोक्यात ते फिरत राहिलं. शेरा चौदाव्या ओळीत होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या सकाळी चौदाव्या ओळीत कोण होतं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण काढता येत होतं. कुठल्या खणात किती वाजता काय टाकलं, काय काढलं, याचा हिशेब सिस्टिममध्ये शाबूत होता. त्यावरून प्रत्येक तासाला कुठला खण किती भरलेला, ते निघतं. तसं भरलेल्याकडून रिकाम्याकडे लावलं, चौदावी ओळ मोजली.

पहिला तास, डी-सहा.

ती थांबली. मग पुढचा तास. डी-दोन. त्यापुढचा, सी-एकवीस.

आणि मग तिने प्रत्येक तासाला गेलेला माल त्या खणांशी ताडून पाहिला. पहिल्या तासात डी-सहामध्ये एकही पॅलेट गेलं नव्हतं. जागा होती, स्कॅनर देत होता, पण पोरांनी टाकलं नव्हतं. दुसऱ्या तासात डी-सहामध्ये धडाधड माल गेला आणि डी-दोन सुना पडला. तिसऱ्या तासात डी-दोन भरायला लागला, सी-एकवीस ओस. लाल शेरा ज्या खणापुढे जाऊन बसला, त्या खणाला त्या तासात कुणी हात लावला नव्हता. महादूने नाही, कुणीच नाही. पोरं टीव्ही बघत होती. पोरं आज्ञाधारक होती. पुसलेल्या शेऱ्याची सावली मालाच्या आकड्यांत पडली होती आणि ती एका खणावरून दुसऱ्या खणावर सरकताना दिसत होती.

तिसऱ्याच तासात महादूने सी-चौदामध्ये पॅलेट ठेवलं.

विपुल साहेब अजून येऊन-जाऊन होते. धम्मदिनाने त्यांना आणि प्रितेशला तिन्ही तास पडद्यावर लावून दाखवले. प्रितेश मोबाईल चाळत होता. विपुल साहेबांनी मात्र चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. समजायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही.

"बरोबर आहे तुमचं," ते मऊ आवाजात म्हणाले. "अगदी बरोबर आहे. आणि म्हणूनच हे कुठे पाठवू नका."

"म्हणजे?"

"हे पाठवलं की पुढचा प्रश्न येतो. खांब वाकला होता तर खण ब्लॉक का नव्हता? मग हे प्रकरण ड्रायव्हरपाशी थांबत नाही, धम्मदिना. वर जातं."

"जाऊ दे ना मग वर."

"आयला, वर म्हणजे कुठं कळतं का तुला?" प्रितेशने मोबाईल खाली ठेवला. "आधी तुझ्याकडं येतं. शेरा सैल कोणी ठेवला? फाईल कोणाची? माझी काय? आणि ऐक, तुम्ही लोक जरा शिकलात की लगेच कायदा काढता. जॉब आहे, जॉब कर. त्या महादूला आपण बघू काहीतरी."

तुम्ही लोक. धम्मदिना हे वडप्यात पहिल्यांदा ऐकत नव्हती. पण आजवर ते ऐकल्यावर ती खाली बघायची. आज तिने सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि बाहेर जाऊन आपल्या खुर्चीवर बसली.

शेऱ्यांचं पान उघडलं. नवी ओळ. खण: सी-चौदा. तारीख: आजपासून. कधीपर्यंत: मोकळं सोडलं. शेरा: ‘त्या सकाळी इथला लाल शेरा डी-सहा, डी-दोन, सी-एकवीसपुढे दिसत होता. इथे काही नव्हतं. महादूला सूचना दिसलीच नाही. खांब वाकल्याचं ऑफिसला माहीत होतं.’ लिहिणार: धम्मदिना.

रीफ्रेश.

टीव्हीवर सी-चौदापुढे ते उमटलं. पहिल्यांदा कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एक रीच ट्रक थांबला. त्याच्यामागे दुसरा. ड्रायव्हर उतरला, मान वर करून ओठ हलवत वाचायला लागला. वाचून झाल्यावर त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, काय करावं ते त्याला कळेना. पॅकिंगच्या बायका टेबलं सोडून आल्या. कुणीतरी फोटो काढला. मग सगळ्यांनीच काढले.

प्रितेश धावत आला. "काय तमाशा हाय? चला, गाड्या लागल्यात!" धम्मदिनाला खुर्चीवरून उठवून तो स्वतः बसला, ओळीवर क्लिक केलं, शेरा खोडला. टीव्ही पांढरा झाला. त्याने गर्दीकडे पाहिलं, जिंकल्यासारखं.

मग तास भरला. आकडे ताजे आले, डॅशबोर्ड नव्याने मांडला गेला आणि शेरा परत सी-चौदापुढे येऊन बसला.

कुणीतरी मागे हसलं. आनंदाचं हसू नव्हतं ते.

"काढ तो," प्रितेश म्हणाला.

"तुम्ही काढलात ना आत्ता."

"परत कसा आला?"

"तिथे खोडून जात नाही, सर. तिथे तो नुसता दिसतो."

"मग राहतो कुठे?"

धम्मदिनाने पर्स खांद्याला लावली. प्रितेशने पुन्हा खोडला. तास भरला, पुन्हा आला. शेवटी त्याने स्टूल घेतलं आणि टीव्हीची वायरच उपटली. तोपर्यंत धम्मदिना महामार्गावर होती. उद्यापासून येऊ नकोस हे तिला गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने सांगितलं, नजर चुकवत.

फोटो तिच्या आधी पाड्यावर पोचले होते, पण फोटोतलं वाचून सांगणारं कुणी नव्हतं, किंवा वाचलं तरी पटणारं कुणी नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ती शेवंताबरोबर एसटीने गेली. गोदूची आई रंगूबाई ओट्यावर बसली होती. चारपाच बायका, दोन म्हातारे, गोदूचा भाऊ दाराला टेकून हाताची घडी घालून. शेवंता अंगणाच्या कडेला उभी राहिली, आत पाय टाकला नाही.

धम्मदिनाने मोबाईल काढला, मग ठेवून दिला. जमिनीवरच काडीने ओळी ओढल्या. हा खण, हा खण, हा वाकलेला. इथे मी लाल लिहिलं. मग साहेबाने ओळी वरखाली केल्या, लाल तिथेच राहिलं, खण सरकला. महादू आला, त्याने बघितलं. ह्याच्यापुढे लाल, इथे नाही टाकलं. ह्याच्यापुढे काही नाही, इथे टाकलं.

गोदूचा भाऊ दारातून पुढे आला आणि ओळींकडे बघत उकिडवा बसला. मग मान वर न करता म्हणाला, "शेवंताकाकी, ये आत. उन्हात नको उभी ऱ्हाऊ."

शेवंता आली. तिने रंगूबाईच्या पायाशी डोकं टेकलं आणि तिथेच रडायला लागली. रंगूबाईचा हात आपसूक तिच्या केसांवर गेला. एक बाई पाणी आणायला उठली. धम्मदिनाला वाटलं, संपलं. निदान इथलं तरी संपलं.

रंगूबाई अजून जमिनीवरच्या त्या रेघांकडे बघत होती. तिने बोट पुढे केलं आणि वाकलेल्या खणाच्या रेघेवर ठेवलं.

"ह्यो वाकलाय, हे तू कधी लिवलंस?"

"आधी. महिना झाला असेल."

"म्हंजी सायबाला ठावं व्हतं."

"हो."

"डायवरांना ठावं व्हतं. पोरींना व्हतं?"

"टीव्ही सगळ्यांनाच दिसतो, मावशी."

"माझे गोदूला वाचता येत व्हतं," रंगूबाई म्हणाली. "सातवी झाली व्हती ती." मग तिने धम्मदिनाकडे पाहिलं. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "महिनाभर समद्यांना ठावं व्हतं. तू लिवत व्हतीस, ते वाचत व्हते. मंग त्या खांबाखाली माझी पोर बसवलीच कशी तुमी?"

पाणी आणायला गेलेली बाई तांब्या घेऊन आली आणि धम्मदिनापुढे धरून उभी राहिली. धम्मदिनाचा हात पुढे गेला नाही.